कानबान कार्डांची संख्या ठरवताना: एका असेंब्ली लाइनवरील ब्रॅकेटचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पंप जोडणाऱ्या एका कारखान्यातील असेंब्ली लाइनचे आहे. ओळख पटू नये म्हणून कारखान्याचे आणि माणसांचे तपशील वगळले आहेत आणि आकडे सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत. त्यांचे परस्परप्रमाण मात्र बदललेले नाही.

लाइनवर दर मिनिटाला एक पंप तयार होत असे. शिफ्टमध्ये जेवण आणि विश्रांती वगळून ४८० मिनिटे काम चाले आणि त्यात ४५० पंप काढायचे असत; उरलेली ३० मिनिटे सेटिंग बदलण्यासाठी आणि किरकोळ थांब्यांसाठी होती. पंपाची दोन मॉडेल होती. मोठ्या मागणीच्या मॉडेलला आपण ‘अ’ म्हणू, दुसऱ्याला ‘ब’. दररोज ‘अ’चे ३०० आणि ‘ब’चे १५० पंप काढले जात. प्रत्येक पंपाला एक ब्रॅकेट लागे, आणि दोन्ही मॉडेलांची ब्रॅकेट वेगवेगळी होती. ती स्टोअरमधून २५ नगांच्या बिनमध्ये लाइनवर येत. लाइनशेजारच्या रॅकमध्ये ब्रॅकेटसाठी आठ बिनची जागा होती.

पूर्वी सुपरवायझर सकाळी अंदाजाने माल मागवत असे. त्याऐवजी कानबान कार्डे सुरू करण्याचा निर्णय झाला. टोयोटामध्ये ताइची ओनो यांनी रुजवलेल्या या पद्धतीचे मूळ तत्त्व साधे आहे: जेवढे वापरले गेले तेवढेच परत आणायचे, आणि कार्डाशिवाय एकही बिन हलवायचा नाही. प्रत्येक बिनला एक कार्ड असते. बिनमधील माल वापरायला घेतला की ते सुटे होऊन पेटीत पडते, माल पोहोचवणारा कामगार ते स्टोअरमध्ये नेतो आणि तेवढेच भरलेले बिन घेऊन येतो. त्यामुळे लाइन आणि स्टोअर यांच्यामधला साठा कार्डांच्या संख्येपेक्षा अधिक होऊच शकत नाही. संख्या कमी पडली तर लाइन थांबते, जास्त झाली तर साठा वाढतो. या एका आकड्यावरच संपूर्ण व्यवस्था उभी असते.

उत्पादन नियोजकाने हा आकडा सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सूत्राने काढला:

```
N = D × L × (1 + α) / C
```

येथे N म्हणजे कार्डांची संख्या, D म्हणजे एका मिनिटात लागणारे नग, L म्हणजे कार्ड सुटे झाल्यापासून भरलेला बिन रॅकमध्ये येईपर्यंतची मिनिटे, α म्हणजे राखीव प्रमाण आणि C म्हणजे एका बिनमधील नग. माल पोहोचवणाऱ्या कामगाराची फेरी दर तासाला होत असल्याने L साठी ६० मिनिटे धरली गेली. ‘अ’साठी D हा ३०० भागिले ४५०, म्हणजे दोन तृतीयांश, ‘ब’साठी एक तृतीयांश. राखीव प्रमाण २० टक्के. ‘अ’चे उत्तर १.९२ आले, म्हणून दोन कार्डे. ‘ब’चे उत्तर ०.९६ आले, एकाच बिनवर काम चालवता येत नाही, म्हणून तेथेही दोन कार्डे दिली गेली.

समस्या

पहिल्याच दिवशी लाइन थांबली. सकाळी ‘अ’चे काम सुरू झाल्यावर रॅकमधील ५० ब्रॅकेट ५० मिनिटांत संपली आणि नवे बिन त्यानंतर बऱ्याच वेळाने आले. दुपारी ‘ब’कडे वळल्यावर तोच प्रकार पुन्हा घडला. कामगार धावत जाऊन हातात मावतील तेवढी ब्रॅकेट घेऊन येऊ लागले, आणि ती कार्डाशिवाय येत असल्याने स्टोअरची नोंदही बिघडू लागली.

सुपरवायझरसमोर त्या दिवसाचे उत्पादन होते. त्याने जे केले ते त्याच्या जागी बहुतेक जणांनी केले असते: कार्डांच्या प्रती काढून त्या चक्रात टाकल्या. थांबे कमी झाले, आणि म्हणून प्रत्येक थांब्यानंतर आणखी एक कार्ड वाढत गेले. काही आठवड्यांनी मोजणी झाली तेव्हा ‘अ’ची नऊ आणि ‘ब’ची सात कार्डे फिरत होती, तर नोंदवहीत प्रत्येकी दोनच होती. आठ बिनच्या रॅकसाठी सोळा बिन झाले होते. उरलेले बिन रॅकमागे जमिनीवर ठेवले जात, त्यामुळे आधी आलेला माल आधी वापरण्याचा क्रम मोडला होता. सोळा बिन म्हणजे ४०० ब्रॅकेट, जवळजवळ एका दिवसाची गरज.

या साठ्याची खरी किंमत एका दोषामुळे उघड झाली. ‘अ’च्या ब्रॅकेटच्या छिद्राभोवती बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहिल्याचे लाइनवर लक्षात आले. नऊच्या नऊ बिन तपासावे लागले. त्यांतले कोणते आधी आले आणि कोणते नंतर हे कोणालाच सांगता येईना, त्यामुळे दोष केव्हापासून सुरू झाला हेही शोधता आले नाही.

आणि एवढे करूनही थांबे पूर्णपणे संपले नव्हते. वाढवलेल्या कार्डांची नोंद नसल्याने एखादे कार्ड ॲप्रनच्या खिशात राहिले किंवा रिकाम्या बिनच्या तळाशी अडकले तर ते हरवल्याचे कोणाच्याही ध्यानात येत नसे. ज्या चक्रात नेमकी किती कार्डे असायला हवीत हे माहीत नाही, तेथे एक कार्ड कमी झाले हे समजण्याचा मार्गच उरत नाही.

कारणांचा शोध

नियोजकाचा पहिला विचार राखीव प्रमाण २० वरून ५० टक्क्यांवर नेण्याचा होता. कारखान्यातील एका वरिष्ठ अभियंत्याने त्याला विरोध केला. आधी D आणि L हे दोन आकडे लाइनवर जाऊन तपासू, मग α ला हात लावू, असे त्याचे म्हणणे होते. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वळण हेच आहे. राखीव प्रमाण हे फेरीला थोडा उशीर होणे, एखाद-दुसरा नग खराब निघणे अशा लहान चढउतारांसाठी असते. मूळ आकडेच चुकीचे असतील तर ते भरून काढणे त्याचे काम नाही, आणि ते त्याला जमतही नाही.

L तपासण्यासाठी एक आठवडाभर प्रत्येक कार्डावर दोन वेळा लिहिल्या गेल्या: कार्ड पेटीत पडल्याची आणि त्या कार्डाचा भरलेला बिन रॅकमध्ये आल्याची. बहुतेक नोंदी ७० ते ११५ मिनिटांच्या दरम्यान होत्या. फेरी तासाची असूनही एवढा वेळ का लागतो याचे उत्तर फेरीच्या रचनेत होते. कामगार एका फेरीत कार्डे उचले आणि त्यांचा माल पुढच्या फेरीत आणे. त्यामुळे कार्ड नेमके फेरीच्या तोंडावर पडले तरी माल येण्यास ६० मिनिटे लागत; ते फेरी गेल्यानंतर लगेच पडले तर आधी ६० मिनिटे पेटीत आणि नंतरची ६० मिनिटे माल येण्यात जात. म्हणजे L ची कमाल मर्यादा १२० मिनिटे होती. सरासरी ९० च्या आसपास होती हे खरे, परंतु लाइन सरासरीवर थांबत नाही. ती त्या एका कार्डावर थांबते ज्याला सर्वांत जास्त वेळ लागला.

D चा प्रश्न अधिक खोल होता. ‘ब’ला मिनिटाला एक तृतीयांश ब्रॅकेट लागते, हे संपूर्ण दिवसाच्या हिशेबाने बरोबर होते. लाइन मात्र तशी चालत नव्हती. सकाळपासून सलग ३०० ‘अ’, मग सेटिंग बदलून सलग १५० ‘ब’, असा क्रम होता. ‘ब’ चालू असताना मिनिटाला पूर्ण एक ब्रॅकेट लागे आणि उरलेल्या वेळी एकही लागत नसे. सूत्रातील D असे गृहीत धरतो की मागणी दिवसभर एकसारखी पसरलेली आहे. हे गृहीतक सूत्रात कोठेही लिहिलेले नसते, म्हणूनच ते नजरेतून सुटते.

आता दोन्ही चुका एकत्र पाहाव्यात. ‘ब’साठी कागदावरची गरज मिनिटाला एक तृतीयांश गुणिले ६०, म्हणजे २० नगांची होती. प्रत्यक्षातील गरज मिनिटाला एक गुणिले १२०, म्हणजे १२० नगांची. सहापट फरक होता. तो २० टक्के राखीव प्रमाणाने भरून निघणे शक्य नव्हते, आणि ५० टक्क्यांनीही नसते निघाले.

तिसरे कारण कार्ड सुटे करण्याच्या सवयीत सापडले. बिनमधील पहिला नग उचलतानाच कार्ड पेटीत टाकायचे, असा नियम होता. अनेक जण बिन पूर्ण रिकामा झाल्यावर कार्ड टाकत. हा फरक किरकोळ वाटतो, पण त्याचा हिशेब अगदी स्पष्ट आहे. पहिल्या नगाला कार्ड सुटले तर माल येईपर्यंत सर्व बिनमधील साठा हाताशी असतो. शेवटच्या नगाला सुटले तर तो बिन आधीच रिकामा असतो आणि उरलेल्या बिनवरच वाट पाहावी लागते. म्हणजे शेवटच्या नगाला कार्ड टाकायचे असेल तर त्याच कामासाठी एक कार्ड जास्त लागते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता लाइन आहे तशी चालवून कार्डांची संख्या दुरुस्त करण्याचा. मिनिटाला एक नग, १२० मिनिटे आणि दहा टक्के राखीव धरले तर १३२ नग होतात. २५ ने भागल्यास ५.२८, म्हणजे प्रत्येक मॉडेलला सहा कार्डे. एकूण बारा बिन, रॅकमध्ये जागा आठची. शिवाय ‘ब’चे सहा बिन म्हणजे १५० नग, अर्थात त्या मॉडेलची संपूर्ण दिवसाची गरज. एवढा साठा लाइनवर ठेवायचा असेल तर तो सकाळी एकदाच आणून ठेवला तरी चालेल. मग कार्डांना कामच उरत नाही.

दुसरा पर्याय फेरी अर्ध्या तासाची करण्याचा होता. तसे केल्यास L ६० मिनिटांवर येतो, गरज ६६ नगांची होते आणि प्रत्येकी तीन कार्डांत काम भागते. हा पर्याय खरोखर चांगला होता आणि कार्डांच्या संख्येपुरते पाहिले तर सर्वांत किफायतशीरही. अडचण एवढीच होती की तोच कामगार इतर अनेक भाग पोहोचवत असे आणि त्याची एक फेरी सुमारे ४५ मिनिटे घेई. अर्ध्या तासाच्या फेरीसाठी दुसरा माणूस आणि दुसरी ट्रॉली लागली असती.

तिसरा पर्याय लाइनवरील क्रम बदलण्याचा होता. दोन ‘अ’, एक ‘ब’, पुन्हा दोन ‘अ’ असा क्रम ठेवता आला असता तर मागणी खरोखर एकसारखी झाली असती आणि ‘ब’ला १२० मिनिटांच्या L वरही दोन कार्डे पुरली असती: ४० नग, दहा टक्के धरून ४४, आणि दोन बिनमध्ये ५० मावतात. ‘ब’चा सुरुवातीचा दोनचा आकडा अशा लाइनसाठी बरोबर होता. परंतु ब्रॅकेट बसवण्याचे फिक्स्चर बदलायला दहा मिनिटे लागत, त्यामुळे प्रत्येक पंपागणिक मॉडेल बदलणे अशक्यच होते.

म्हणून मधला मार्ग तपासला गेला: १०० ‘अ’ आणि ५० ‘ब’ अशा तुकड्या, दिवसातून तीन वेळा. येथे सूत्रात सरासरी D घालून चालत नाही. त्याऐवजी असा प्रश्न विचारावा लागतो की कोणत्याही सलग १२० मिनिटांत जास्तीत जास्त किती नग लागू शकतात. ‘ब’ची तुकडी ५० मिनिटांत संपते आणि पुढची तुकडी १०० मिनिटांनंतरच येते, म्हणून १२० मिनिटांत ‘ब’ची कमाल गरज ५० आहे. दहा टक्के धरून ५५, म्हणजे तीन कार्डे. ‘अ’ची कमाल गरज एका पूर्ण तुकडीएवढी, म्हणजे १००; दहा टक्के धरून ११०, म्हणजे पाच कार्डे. एकूण आठ बिन, नेमके रॅकमध्ये मावतील तेवढे.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसली, जी माझ्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. हा क्रम ठेवून फेरी अर्ध्या तासाची केली तर ‘अ’ची कार्डे पाचवरून तीनवर येतात, पण ‘ब’ची तीनच राहतात. कारण ‘ब’ची तुकडी ५० मिनिटांचीच आहे, L दोन तासांचा धरा किंवा एका तासाचा, संपूर्ण तुकडी त्या मुदतीत बसतेच. जेथे संपूर्ण तुकडी L च्या मुदतीत बसते तेथे फेरी जलद करून साठा आणखी कमी होत नाही. पुढची घट तुकडी लहान करूनच मिळते.

निर्णय आणि अंमलबजावणी

तुकड्यांचा हा मधला मार्ग निवडला गेला. त्याला कारण केवळ रॅकची जागा नव्हती. सलग १५० ‘ब’ काढताना स्टोअरवर आणि त्यामागच्या, ब्रॅकेट बनवणाऱ्या प्रेसवरही तासाला ६० नगांचा ताण एकदम येत असे, आणि दुसऱ्या पर्यायाने तो ताण तसाच राहिला असता.

मात्र आधी फिक्स्चरचे काम करणे भाग होते. नव्या क्रमात शिफ्टमध्ये पाच वेळा मॉडेल बदलणार होते. दहा मिनिटांच्या दराने ५० मिनिटे गेली असती आणि हाताशी ३० होती. प्रत्येक मॉडेलसाठी स्वतंत्र प्लेटवर फिक्स्चर आधीच बसवून ठेवले गेले आणि प्लेटची जागा पिनांनी पक्की केली, त्यामुळे उंची दर वेळी नव्याने जुळवण्याची गरज राहिली नाही. बदलाचा वेळ तीन मिनिटांवर आला, म्हणजे पाच बदलांना १५ मिनिटे. क्रम बदलण्यापूर्वी हा वेळ प्रत्यक्ष मोजून खात्री करून घेतली गेली.

त्यानंतर एका रिकाम्या दिवशी चक्रातील सर्व जुनी कार्डे गोळा करून रद्द केली गेली आणि आठ नवी कार्डे अनुक्रमांकासह काढली गेली: ‘अ’ची १/५ ते ५/५, ‘ब’ची १/३ ते ३/३. शिफ्टच्या शेवटी आठही कार्डे दिसली पाहिजेत, मग ती बिनवर असोत, पेटीत असोत किंवा स्टोअरमध्ये. कार्ड वाढवण्याचा किंवा काढण्याचा अधिकार नियोजक आणि सुपरवायझर या दोघांच्या संमतीने आणि नोंदवहीत कारण लिहूनच, असे ठरले. सुपरवायझरला सुरुवातीला हे जाचक वाटले. त्याचे म्हणणे रास्त होते: थांबलेल्या लाइनसमोर उभा तो राहतो. म्हणून थांबा आल्यास स्टोअरमधून तातडीने एक बिन आणण्यासाठी वेगळ्या रंगाचे, एकदाच वापरायचे कार्ड ठेवले गेले, जे वापरल्यावर नियोजकाकडे जाई. त्यामुळे तातडी भागत असे आणि ती का आली याची विचारणाही होत असे.

परिणाम

ब्रॅकेटमुळे होणारे रोजचे थांबे बंद झाले. लाइनवरील साठा ४०० वरून कमाल २०० नगांवर आला आणि जमिनीवरचे बिन गेले.

काही आठवडे स्थिर गेल्यावर ‘अ’चे एक कार्ड मुद्दाम काढून घेतले गेले. चार बिन म्हणजे १०० नग, आणि कमाल गरजही १००. हिशेबाने काम चालायला हवे होते, पण लाइन कमी पडली. तपासताना असे आढळले की त्या जागेवर नव्याने आलेला कामगार कार्ड शेवटच्या नगाला टाकत होता. तसे केल्यावर वाट पाहण्यासाठी तीनच बिन, म्हणजे ७५ नग उरतात. पाच कार्डे असताना चार बिन उरत आणि ते १०० ची गरज नेमकी भागवत, म्हणून ही चूक तोपर्यंत कोणाला दिसली नव्हती. कार्ड काढण्याचा उद्देश साठा कमी करणे हा तर असतोच. त्याहून अधिक तो अशा दडलेल्या गोष्टी वर आणण्याचा असतो.

उपाय म्हणून कार्ड बिनच्या बाहेरील खिशाऐवजी पहिल्या थरावर आडवे ठेवले जाऊ लागले, म्हणजे ते उचलल्याशिवाय पहिला नग हाती येत नाही. त्यानंतर चार कार्डांवर लाइन व्यवस्थित चालली. तरीही पाचवे कार्ड परत दिले गेले. एखादी फेरी पूर्ण चुकली तर L १८० मिनिटांवर जातो आणि तेवढ्या वेळात ‘अ’ची कमाल गरज १३० होते, चार कार्डांत ३० नगांची तूट पडते, पाच कार्डांत फक्त पाचांची. फेऱ्या अजून अधूनमधून चुकत होत्या, त्यामुळे हा निर्णय मला योग्य वाटतो. फेऱ्या वेळेवर होऊ लागल्यावर ते कार्ड पुन्हा काढता येईल.

काय वेगळे करता आले असते

L ची मोजणी कार्डे छापण्यापूर्वी करता आली असती. त्यासाठी व्यवस्था सुरू असण्याची गरज नव्हती. कोरे कागद पेटीत टाकून त्यांचा प्रवास आठवडाभर मोजला असता तरी १२० मिनिटांची मर्यादा दिसली असती.

नोंद न करता कार्डे वाढवण्याची वेळ सुपरवायझरवर यायला नको होती. तातडीच्या कार्डाची सोय पहिल्या दिवसापासून असती तर प्रत्येक थांब्याची नोंद झाली असती आणि ‘अ’ सकाळी, ‘ब’ दुपारी थांबतो हा नमुना काही दिवसांत स्पष्ट झाला असता. तो नमुनाच D कडे बोट दाखवत होता.

मागणीचे प्रमाण बदलल्यावर कार्डे पुन्हा मोजण्याचा नियमही सुरुवातीला केलेला नव्हता. ‘ब’ची मागणी वाढून तुकडी ५० वरून ७५ झाली तर कमाल गरज दहा टक्क्यांसह ८२.५ होते आणि चार कार्डे लागतात. हा आकडा उत्पादन योजना बदलतानाच काढला पाहिजे, लाइन थांबल्यावर नव्हे. आता महिन्याची योजना ठरताना तुकडीचा आकार आणि कार्डांची संख्या एकाच तक्त्यावर तपासली जाते.

बिनच्या आकाराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दिवसाच्या गरजेच्या दहा टक्क्यांहून जास्त नग एका बिनमध्ये नसावेत, असा एक जुना दंडक आहे. त्या हिशेबाने ‘ब’साठी १५ नगांचा बिन हवा आणि वापरात आहे २५ चा. मोठा बिन असल्याने ५५ नगांच्या गरजेसाठी तीन बिन, म्हणजे ७५ नग ठेवावे लागतात. दहाच्या बिनमध्ये सहा कार्डे लागून ६० नगांत काम झाले असते. मात्र हाताळणी वाढते, रॅकचे कप्पे नव्याने करावे लागतात आणि प्रेसवरचे बिनही बदलावे लागतात, कारण स्टोअरमध्ये एका बिनमधून दुसऱ्यात नग मोजून भरणे म्हणजे नवी चूक ओढवून घेणे. प्रेसच्या चक्राची कार्डे ठरवण्याचे काम पुढे होणार आहे, आणि बिनचा आकार त्याच वेळी ठरवायचा असा निर्णय झाला आहे.